भाडेकराराचं कलम सोप्या मराठीत लिहायचंय, पण कुणाचंच काही कमी-जास्त न होता

मनीमाऊ_पुणे

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आईचा वन बीएचके आहे, तो आता लातूरच्या एका जोडप्याला देतोय. भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००, अकरा महिने, १ जून ते ३० एप्रिल. एजंटने लिव्ह अँड लायसन्सचा ड्राफ्ट पाठवलाय तो मराठीतच आहे पण कलम ७ आईला पण कळेना आणि त्या दादांना पण कळेना, आणि दोघांनी मलाच सांगितलं की तू नीट सोप्या भाषेत लिहून दे, आम्ही दोघं तेच वाचून अंगठा देतो. म्हणजे मी मालकाची मुलगी असून मला दोघांच्या वतीने लिहायचंय. जरा टेन्शनच आलंय. रजिस्ट्रेशन अजून व्हायचंय, रविवारी एजंटचा मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणार आहे.

कलम असं आहे, एकच वाक्य आहे सगळं, श्वास धरून वाचा:

"सदर करारनाम्याचे कालावधीपैकी पहिले सहा महिने हा लॉक-इन कालावधी राहील व सदर लॉक-इन कालावधीत, लिहून घेणार यांनी सलग दोन महिन्यांची लायसन्स फी थकविल्यास करार रद्द करण्याचे लिहून देणार यांचे अधिकारास बाधा न येता, उभय पक्षांपैकी कोणासही सदर करार संपुष्टात आणता येणार नाही व तदनंतर उभय पक्षांपैकी कोणीही दुसऱ्या पक्षास एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन सदर करार संपुष्टात आणू शकेल आणि करार मुदत संपल्याने अथवा मुदतपूर्व संपुष्टात आल्यास लिहून घेणार यांनी सदर मिळकतीचा रिकामा व शांततामय ताबा लिहून देणार यांस दिल्यानंतर लिहून देणार यांनी अनामत रक्कम, त्यामधून थकीत लायसन्स फी, वीजबिल व वाजवी झीज वगळता मिळकतीचे झालेल्या नुकसानीची भरपाई वजा जाता, बिनव्याजी परत करावयाची आहे, परंतु लिहून घेणार यांनी लॉक-इन कालावधीत मिळकत सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे लायसन्स फी इतकी रक्कम अनामत रकमेतून वळती करून घेण्याचा अधिकार लिहून देणार यांस राहील."

मी केलेलं सोपं व्हर्जन:

"पहिले सहा महिने घर सोडता येणार नाही. दोन महिने भाडं थकलं तर घर खाली करावं लागेल. सहा महिन्यांनंतर एक महिना आधी सांगून घर सोडता येईल. घर सोडल्यावर भाडं, वीजबिल आणि नुकसान कापून डिपॉझिट लगेच परत मिळेल. सहा महिन्यांच्या आत सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल."

मला तर बरोबर वाटतंय. कुणी जरा बघता का?

कट्टा_किंग

मस्त लिहिलंय, एकदम सोपं. पण अकरा महिन्यांचा आहे ना, मग रजिस्ट्रेशन वगैरे लागतच नाही, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करा आणि हे सोपंच टाका त्यात, काम खल्लास.

दस्तऐवजी

किंग, ते बारा महिन्यांच्या आतलं रजिस्टर करावं लागत नाही हे इतर राज्यांत ऐकलेलं असेल. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, त्यात लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर पाहिजे, मुदत अकरा असो की पाच महिने. रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केलं आणि पुढे वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल राहणारा जे म्हणेल ते खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तेव्हा मनीमाऊ, रविवारचं मशीन येऊ द्या.

आता तुमच्या व्हर्जनबद्दल. मी तीस वर्षं वकिलांच्या ऑफिसात असले दस्त टाइप केलेत त्यामुळे सांगतो, राग मानू नका. भाषा छान आहे पण तुमच्या पाच वाक्यांत एकही वाक्य मूळ कलमाइतकंच नाही. पहिलंच घ्या. "घर सोडता येणार नाही", कुणाला? मूळात "उभय पक्षांपैकी कोणासही" आहे, म्हणजे सहा महिने तुमच्या आईपण करार मोडू शकत नाहीत. तुमच्या वाक्यात कर्ताच नाही, आणि घर सोडतो तो राहणारा, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार बंधन फक्त लातूरच्या दादांना. आई उद्या ऑक्टोबरात म्हणाल्या की भाचा येतोय राहायला, खाली करा, तर तुमचं व्हर्जन त्यांना अडवत नाही. मूळ कलम अडवतं.

मनीमाऊ_पुणे

अरे देवा. हे लक्षातच आलं नाही. मी खरं तर आईच्या बाजूने काही करायला गेले नव्हते हो.

दस्तऐवजी

मुद्दाम कुणीच करत नाही. तुम्ही सगळं राहणाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहिलंत, "सोडता येईल, मिळेल, द्यावं लागेल", त्याला समजावं म्हणून. त्यात मालकाची बंधनं आपोआप गळतात. "डिपॉझिट परत मिळेल" वाचताना कोण देणार हेच वाक्यात नाही. मी नवीन पोरांना सांगायचो की आधी पेन घेऊन मूळातली क्रियापदं तेवढी गोल करा. इथे पाच आहेत: लॉक-इन "राहील", संपुष्टात "आणता येणार नाही", "आणू शकेल", परत "करावयाची आहे", आणि अधिकार "राहील". आता प्रत्येक गोलापुढे लिहा कुणी, कुणाला, कधी, आणि कशाशिवाय. एवढा कागद झाला की मगच सोपं करायला घ्या.

त्यात एक गोष्ट बघा. "परत करावयाची आहे" हे मालकावर बंधन आहे. "वळती करून घेण्याचा अधिकार राहील" हे बंधन नाही, हक्क आहे, आई वापरतील किंवा नाही वापरणार. तुम्ही त्याचं "भाडं द्यावं लागेल" केलंत, म्हणजे एकाचा हक्क उचलून दुसऱ्याचं कर्तव्य बनवलंत. वाटतं सारखंच पण सारखं नाही.

नानाकाका

सारखं नाही म्हणजे किती नाही ते आकड्यात सांगतो, माझा पिंडच तो. समजा लातूरकर ३१ ऑगस्टला निघून गेले. जून जुलै ऑगस्ट झाले, लॉक-इनचे उरले तीन महिने. १८ गुणिले ३, ५४ हजार. डिपॉझिट ५० हजार. मूळ कलमाप्रमाणे वळते करायचे ते "अनामत रकमेतून", म्हणजे हातात ५० च आहेत. मनीमाऊच्या व्हर्जनप्रमाणे "उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल", म्हणजे ५० कापून वर ४ हजार मागता येतील. चार हजाराचा फरक एका "मधून" मुळे.

अंजू_लातूर

बरोबर आहे काका, मग असं लिहा की फक्त डिपॉझिटमधूनच कापायचे, त्याच्यावर एक रुपया नाही. मी स्वतः भाड्याने राहते म्हणून सांगते, असं स्पष्ट असलेलं बरं.

दस्तऐवजी

अंजूताई, तुमची इच्छा कळते, पण मूळात "फक्त" नाहीये. "डिपॉझिटमधून घेऊ शकतील" आणि "फक्त डिपॉझिटमधूनच घेऊ शकतील" यात दुसरं वाक्य मालकाचे बाकीचे सगळे रस्ते बंद करतं. हे कलम वरच्या चार हजारांबद्दल बोलतच नाही, गप्प आहे. आपणही तिथे गप्प राहायचं. दोघांना ते हवं असेल तर मूळ ड्राफ्टमध्येच "फक्त" घालून घ्या, अजून रजिस्टर झालेला नाही. पण समजावून सांगणाऱ्या कागदात चोरून घालायचं नाही.

बंगळूरकर_सौ

माझं डिपॉझिट अजून मिळालं नाहीये त्याबद्दल कुणी सांगेल का? आम्ही बंगळूरला होतो, घर सोडताना मालकाने एका महिन्याचं भाडं पेंटिंगचे म्हणून कापलं, तिकडे सगळेच कापतात म्हणे, भिंती तर आम्ही होत्या तशा ठेवल्या होत्या, मुलगा तर तेव्हा जन्मला पण नव्हता भिंतीवर लिहायला.

कट्टा_किंग

ताई ते वाजवी झीज असते ती कापतातच. इथे पण लिहिलंय बघा, थकीत फी, वीजबिल व वाजवी झीज, हे सगळं वजा जाता.

नानाकाका

अहो किंग, पुढचा शब्द वाचा. वाजवी झीज वगळता.

दस्तऐवजी

नानाकाका बरोबर, पण किंगची चूक फार लोक करतात, कारण वाक्यात "वगळता" आणि "वजा जाता" जवळजवळ आलेत आणि दोन्ही काढून टाकण्याचेच शब्द वाटतात. "वगळता" हा नुकसानीला लागतो. म्हणजे नुकसान मोजताना वाजवी झीज धरायची नाही. मग जे नुकसान उरेल ते डिपॉझिटमधून वजा. रंग फिका पडला, नळाचा वॉशर गेला, दाराची कडी सैल झाली, ही वापराने होणारी झीज, ती मालकाच्या माथी. बेसिनला तडा गेला, स्लायडिंगची काच फुटली, ते नुकसान. मनीमाऊनी नुसतं "नुकसान कापून" लिहिलंय, झीज गायब. त्या एका शब्दावरच घर सोडताना सगळी भांडणं होतात.

बंगळूरकर ताई, तुमच्या करारात पेंटिंगचं वेगळं कलम होतं का ते आधी बघा. असेल तर झिजेचा मुद्दा तिथे चालेलच असं नाही.

बंगळूरकर_सौ

करार शोधावा लागेल, बहुतेक ह्यांच्या जुन्या बॅगेत आहे.

मनीमाऊ_पुणे

ओके मी क्रियापदांचा कागद केला. त्यात मला अजून सापडलेल्या माझ्याच चुका: "लेखी" गाळलं, म्हणजे व्हॉट्सअॅप कॉल करून सांगितलं तरी चाललं असतं. "सलग" गाळलं, म्हणजे जून आणि ऑगस्टचं राहिलं आणि जुलैचं दिलं तरी माझ्या व्हर्जनमध्ये थकबाकीदार. "बिनव्याजी" गाळलं. आणि "लगेच" कुठून आणलं देव जाणे, मूळात किती दिवसांत परत द्यायचं ते लिहिलेलंच नाही. "दिल्यानंतर" एवढंच आहे.

एक विचारायचंय, "अधिकारास बाधा न येता" हे कसं लिहू? मी "घर खाली करावं लागेल" लिहिलं होतं.

दस्तऐवजी

शाब्बास, "लगेच" तुम्हीच पकडलंत. दिवस लिहिलेले नसतील तर आपण लिहायचे नाहीत, पण बाजूला एक प्रश्न म्हणून टिपून ठेवा, तो आईंना आणि दादांना विचारायचा.

"बाधा न येता" नवीन अधिकार देत नाही, दुसरीकडे दिलेला अधिकार इथे शाबूत ठेवतं. म्हणून आधी बघा तो अधिकार करारात दुसरीकडे आहे का. नसेल तर हे कलम हवेत लटकलेलं आहे आणि ते एजंटला दाखवा.

मनीमाऊ_पुणे

आहे आहे. कलम ११ मध्ये. सलग दोन महिने थकवल्यास १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन मालक रद्द करू शकतात.

दस्तऐवजी

झालं तर मग. "घर खाली करावं लागेल" म्हणजे दोन महिने झाले की आपोआप बाहेर. कलम ११ मध्ये तसं नाही, आईंनी ठरवायचं आणि १५ दिवस द्यायचे. तुमच्या वाक्याने दादांचे पंधरा दिवस खाल्ले असते. सोप्या वाक्यात "कलम ११ प्रमाणे" एवढा बाण ठेवा, तिथलं सगळं इथे उतरवू नका.

अंजू_लातूर

मला एक शंका आहे. भाडं, भाडेकरू, मालक हे शब्द वापरले तर चालतात का? आमच्या एजंटने सांगितलेलं की भाडेकरू लिहिलं की तो कूळ होतो आणि घर बळकावतो.

कट्टा_किंग

हो म्हणून तर लायसन्स म्हणतात. भाडेकरू शब्द चुकूनही लिहू नका.

दस्तऐवजी

एका शब्दाने कोणी कूळ होत नाही, कोर्ट पूर्ण करार आणि ताबा कसा दिलाय ते बघतं. पण भीती अगदीच पोकळ नाही, लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी, भाडेपट्टा म्हणजे जागेत हक्क, दोन्ही कायद्याने वेगळे. त्यामुळे वर एकदा सांगून टाकायचं की इथे भाडं म्हणजे करारातली लायसन्स फी. "लिहून घेणार" ला मी "राहणारे" म्हणेन, वाद नको. आणि "मालक" लिहिताना बघा, लिहून देणार आईच आहेत ना? कधी कधी कुलमुखत्यार असतो, मग "मालक" चुकतं.

मनीमाऊ_पुणे

आईच आहे. हे घ्या दुसरं व्हर्जन, आता झोडा:

"करारातलं कलम ७ समजावं म्हणून हे लिहिलंय. याने करार बदलत नाही. फरक वाटला तर करारात आहे तेच धरायचं. इथे भाडं म्हणजे लायसन्स फी, मालक म्हणजे लिहून देणार, राहणारे म्हणजे लिहून घेणार, डिपॉझिट म्हणजे अनामत रक्कम.

पहिले सहा महिने, म्हणजे १ जून ते ३० नोव्हेंबर, मालकही करार संपवू शकत नाहीत आणि राहणारेही नाहीत. पण राहणाऱ्यांनी सलग दोन महिन्यांचं भाडं थकवलं तर कलम ११ प्रमाणे करार रद्द करायचा मालकांचा अधिकार या सहा महिन्यांतही कायम आहे.

त्यानंतर दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो.

करार मुदत संपून किंवा आधीच संपला, की राहणाऱ्यांनी भांडणतंटा न करता घर रिकामं करून द्यावं आणि मालकांनी डिपॉझिट परत करावं. त्यावर व्याज नाही. परत करताना मालक त्यातून थकलेलं भाडं, वीजबिल आणि घराच्या नुकसानीची भरपाई वजा करतील. रोजच्या वापराने होणारी वाजवी झीज नुकसानीत धरायची नाही.

राहणाऱ्यांनी पहिल्या सहा महिन्यांतच घर सोडलं, तर त्या सहांपैकी जेवढे महिने उरले तेवढ्याचं भाडं मालक डिपॉझिटमधून वळतं करून घेऊ शकतात."

नानाकाका

लांब झालं की.

दस्तऐवजी

होऊ द्या लांब. एका श्वासाच्या वाक्याची आठ-दहा वाक्यं झाली की लांबणारच. सोपं म्हणजे छोटं असं कुणी सांगितलं?

एकच बोचतंय. "रिकामं करून द्यावं आणि मालकांनी परत करावं." मूळात आधी ताबा, मग पैसे, क्रम आहे. "आणि" ने दोन्ही शेजारी-शेजारी बसले, म्हणजे दादा म्हणू शकतात आधी पैसे ठेवा मग किल्ली देतो. "घराचा ताबा दिल्यानंतर मालकांनी डिपॉझिट परत करायचं" असं करा. आणि "भांडणतंटा न करता" पेक्षा "रिकामा ताबा, कसलीही अडवणूक न करता" बरं. भांडण तर कोणीही कशावरूनही करतं.

कट्टा_किंग

पण मुळात लॉक-इनचे पैसे कापताच येत नाहीत ना? करार कायदा कलम ७४, दंड लावता येत नाही. मग सोप्या व्हर्जनमध्ये तेही लिहा की हे कायद्याने चालत नाही.

दस्तऐवजी

अर्धं बरोबर. ७४ म्हणतं की करारात रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, जास्तीत जास्त लिहिलेल्या रकमेइतकी. त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात नवीन राहणारे मिळाले तरी तीन महिन्यांचे ठेवून घेतले, तर दादा कोर्टात भांडू शकतात, काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण "चालत नाही" हे तुमचं मत झालं. कलमात काय लिहिलंय तेवढंच या कागदात जावं.

कट्टा_किंग

मला नाही पटलं. चालणार नाही असं कलम समजावून सांगून घाबरवायचंच कशाला त्यांना.

अंजू_लातूर

मला किंगचं थोडं पटतंय. आमच्यासारखे लोक लिहिलेलं वाचून गप्प बसतात, कोर्टात कोण जातं.

नानाकाका

ते सोडा, मोठी भानगड तुम्हा कुणालाच दिसली नाही. "तदनंतर एक महिन्याची नोटीस देऊन." तदनंतर काय, नोटीस द्यायची की करार संपवायचा? लातूरकरांनी ३१ ऑक्टोबरला नोटीस दिली आणि ३० नोव्हेंबरला लॉक-इन संपताना बाहेर पडले, चालेल? का १ डिसेंबरच्या आधी नोटीसच देता येत नाही आणि पूर्ण डिसेंबर भरावाच लागेल? फरक एक महिन्याचा, १८ हजार. आणि हे मालकालाही उलटं तितकंच लागू.

दस्तऐवजी

काका, मानलं. मूळ वाक्य दोन्हीकडे वाचता येतं. मी असतो तर दुसरं वाचलं असतं, कारण "तदनंतर" "देऊन" च्या आधी आलंय, पण पैजेवर सांगणार नाही. मनीमाऊ, तुम्ही "त्यानंतर" तसंच ठेवलंय ते योग्य केलंत, संदिग्ध आहे ते संदिग्धच उतरलंय. सोपं करताना एक अर्थ निवडला असता तर अठरा हजार एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले असते आणि कुणाला कळलंही नसतं. हा प्रश्न "किती दिवसांत डिपॉझिट" च्या खाली टिपा.

मनीमाऊ_पुणे

विचारलं दोघांना, वेगवेगळं विचारलं मुद्दाम. आई म्हणाली अर्थातच नोव्हेंबर संपल्यावरच नोटीस. दादा म्हणाले अर्थातच ऑक्टोबरच्या शेवटी देता येते, सहा महिने तर झालेच ना. दोघांना "अर्थातच"!! मग दोघांना एकत्र फोनवर घेतलं तर आई म्हणाली ठीक आहे, आधी दिली तरी चालेल पण मग डिपॉझिट मी १५ दिवसांनी देईन, वीजबिल यायला वेळ लागतो. ते हो म्हणाले. एजंटला म्हटलं हे दोन्ही मूळ कलमातच घाल, तर तो म्हणतो सगळीकडे असंच असतं मॅडम, आजवर कुणी विचारलं नाही, आणि ड्राफ्ट बदलायचे तीनशे वेगळे.

नानाकाका

द्या तीनशे.

बंगळूरकर_सौ

करार सापडला. पेंटिंगचं कलम आहे. इंग्रजीत आहे, अकरा ओळींचं एकच वाक्य. टाकू का इथे?